अज्ञात पासवर्डाच्या आड राहिलेला लॅपटॉप आणि त्याचे तक्रारपत्र

मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून तीन-चार वर्षांच्या वापरानंतर बाहेर पडलेले लॅपटॉप घाऊक भावाने उचलावयाचे, त्यांची साफसफाई व किरकोळ दुरुस्ती करावयाची आणि ‘रिफर्बिश्ड’ या बिरुदाखाली ते किरकोळ गिऱ्हाइकास विकावयाचे, हा व्यवसाय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जसा चालतो तसाच तो आता जिल्ह्याच्या गावीही चालतो. आणि मर्यादित प्राप्तीच्या माणसाला बऱ्यापैकी यंत्र मिळण्याचा तो एक रास्त मार्ग आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. परंतु या व्यवहारात एक असा दोष कधीकधी गिऱ्हाइकाच्या पदरी येतो, की जो खरेदीच्या वेळी दिसत नाही आणि पुष्कळदा काही दिवस वापरूनही ध्यानात येत नाही. यंत्र सुरू होते, विंडोज उघडते, पत्रे टंकून होतात, चित्रपट पाहून होतात. आणि मग काही निमित्ताने यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये शिरावे, तो पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट उभी राहते. तो पासवर्ड गिऱ्हाइकाला ठाऊक नसतो, आणि दुकानदारालाही नसतो. अशा प्रसंगी दुकानाला पाठविलेली तक्रार बहुधा ‘लॅपटॉप लॉक आहे, पैसे परत द्या’ एवढ्यावर आटोपते, आणि तिला ‘विंडोज चालते आहे ना? मग लॉक कसला?’ असे उत्तर मिळते. हे उत्तर उडवाउडवीचे खरे, पण त्याला वाव तक्रारीच्या मोघमपणानेच दिलेला असतो. कुलूप कोणते, ते कोठे बसलेले आहे आणि ते उघडण्याचा अधिकार कोणापाशी आहे, एवढ्या गोष्टी ज्या पत्रात स्पष्ट नमूद असतील त्या पत्राला असे उत्तर देता येत नाही. म्हणून पत्राच्या मजकुराकडे वळण्यापूर्वी या कुलपाची ओळख करून घेणे अवश्य आहे.

लॅपटॉपची कळ दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह पडद्यावर उमटेपर्यंत जे काही क्षण जातात, त्या अवधीत यंत्राचा कारभार विंडोजच्या नव्हे, तर फर्मवेअरच्या हाती असतो. मदरबोर्डावर बसविलेल्या एका लहानशा फ्लॅश चिपमध्ये साठविलेली ही आज्ञावली, जिला जुन्या सवयीने सर्वजण अद्यापि बायॉस म्हणतात, ती प्रथम प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांची हजेरी घेते, कोणत्या डिस्कवरून पुढील कारभार सुरू करावयाचा हे ठरविते, आणि मगच विंडोजच्या हाती सूत्रे देते. यूएसबीवरून यंत्र सुरू करण्यास मुभा असावी की नसावी, सुरक्षेची टीपीएम ही सोय चालू ठेवावी की बंद, हे सारे निर्णय याच ठिकाणी नोंदलेले असतात. या नोंदींत हात घालण्यापूर्वी जो पासवर्ड विचारला जातो तो सेटअप पासवर्ड. काही कंपन्या त्यालाच सुपरवायझर किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड म्हणतात. याच्याच शेजारी आणखी दोन पासवर्ड नांदतात आणि तक्रारीत त्यांची गल्लत हमखास होते. एक पॉवर-ऑन पासवर्ड, जो दिल्याखेरीज यंत्र एक पाऊलही पुढे टाकत नाही. आणि दुसरा डिस्कचा स्वतःचा पासवर्ड, जो डिस्क काढून अन्य यंत्रात घातली तरी तिच्याबरोबर जातो. विंडोज बिनतक्रार उघडते आणि केवळ F2, F10 किंवा त्या त्या कंपनीने नेमलेली कळ दाबून सेटिंगमध्ये जाऊ पाहिले असताच अडवणूक होते, असे असेल तर दोष सेटअप पासवर्डाचाच, असे निःशंकपणे लिहावे. काही यंत्रे त्याहूनही सौम्य वागतात: आत जाऊ देतात, सर्व नोंदी दाखवितात, पण त्या फिकट करड्या रंगात असतात आणि त्यांतील एकही बदलता येत नाही. तेही कुलूपच.

दुकानदाराचा पहिला सल्ला बहुधा असा असतो की, आतला सेल पाच मिनिटे काढून ठेवा, पासवर्ड उडून जाईल. हा सल्ला खोटा नाही. तो फक्त जुना आहे. आयबीएमने 1984 साली बाजारात आणलेल्या पीसी-एटी या संगणकात सेटिंगच्या नोंदी घड्याळाच्या चिपमधील अवघ्या 64 बाइटांच्या स्मृतीत ठेवलेल्या असत, आणि ती स्मृती बॅटरीच्या आधारावर जिवंत राही. पुढे अनेक वर्षे टेबलावरच्या संगणकांत हीच पद्धत चालू राहिल्यामुळे सेल काढला की नोंदी पुसल्या जात आणि त्यांच्याबरोबर पासवर्डही जाई. परंतु लॅपटॉप चोरीस जाणारी वस्तू आहे, आणि सेल काढून उघडणारे कुलूप हे चोरासाठी कुलूपच नव्हे, हे ध्यानी आल्यावर व्यावसायिक वापरासाठी लॅपटॉप बनविणाऱ्या कंपन्यांनी पासवर्ड अशा चिपमध्ये हलविला, की जिला वीज असो वा नसो, नोंद कायम राहते. अशा यंत्राचा सेल काढला तर तारीख व वेळ मात्र बिघडते, आणि पुढच्या वेळी यंत्र घड्याळाविषयी कुरकुर करून पुन्हा तोच पासवर्ड मागते. फॉरमॅट करणे, विंडोज नव्याने टाकणे, इतकेच काय, नवी डिस्क बसविणे, यांतील कशानेही हे कुलूप हलत नाही. कारण ते डिस्कवर नाहीच.

आता हा पासवर्ड कोणी घातला, हे पाहू. बहुतेक प्रकरणांत त्यामागे कसलाही दुष्ट हेतू नसतो. कंपनीचा संगणक-विभाग कर्मचाऱ्यांना यंत्र देताना हा पासवर्ड मुद्दाम घालतो, म्हणजे यूएसबी लावून, विंडोजला बगल देऊन, कोणी कंपनीचे दप्तर वाचू नये. मुदत संपली की यंत्रे परत येतात, डिस्का पुसल्या जातात किंवा काढून घेतल्या जातात, आणि शेकड्याने यंत्रे लिलावात जातात. डिस्क पुसण्याची काळजी सर्वांना असते, फर्मवेअरातील पासवर्ड काढण्याची आठवण पुष्कळांना राहत नाही. मग दुकानात तरी तो उघडकीस का येऊ नये? याचे कारण दुकानाच्या कार्यपद्धतीत आहे. प्रत्येक लॅपटॉपवर यूएसबीने विंडोज चढवीत बसणे वेळखाऊ असल्यामुळे अनेक ठिकाणी एका तयार डिस्कच्या नकला दुसऱ्या यंत्रावर काढून ठेवतात आणि त्या थेट लॅपटॉपात बसवितात. फर्मवेअरला डिस्क सापडते, विंडोज उघडते, ‘टेस्टेड ओके’चे लेबल लागते, आणि सेटिंगचे दार कोणी ठोठावूनही पाहत नाही. म्हणून विक्रेता ‘मला कल्पनाच नव्हती’ म्हणतो तेव्हा ते खरे असण्याचा संभव बराच असतो. आणि पत्राचा सूर ठरविताना हे स्मरणात ठेवणे शहाणपणाचे, कारण दोषाबद्दलची त्याची जबाबदारी त्याच्या अज्ञानाने कमी होत नाही, मात्र त्याच्यावर लबाडीचा आरोप केला तर तो सिद्ध करण्याचे ओझे आपल्याच डोक्यावर येते.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, नाशिकच्या एका शिक्षिकेने मुंबईच्या दुकानातून आठव्या पिढीच्या इंटेल कोअर आय-फाइव्ह प्रोसेसरचा लॅपटॉप 26,500 रुपयांस घेतला. खरेदीपूर्वी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘यावर विंडोज 11 चालेल ना?’ असे विचारले होते आणि दुकानाने ‘चालेल’ असे लेखी उत्तर दिले होते. प्रश्न निरर्थक नव्हता. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागते. यंत्रावर आले विंडोज 10. बाईंनी बढती देऊ पाहिली, तेव्हा टीपीएम नसल्याची सबब यंत्राने पुढे केली. त्या मॉडेलच्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या तपशिलात टीपीएम 2.0 स्पष्ट नमूद होते; अर्थात ती सोय यंत्रात होती, पण मागील मालकाने ती फर्मवेअरात बंद करून ठेवली होती. ती चालू करण्यास एका ओळीपुढील शब्द बदलणे पुरे होते. त्या ओळीपर्यंत जाण्याच्या वाटेवर कुलूप होते.

‘विंडोज चालते आहे ना?’ या प्रश्नाचे उत्तर या प्रकरणात आपोआप मिळते. वाडा विकत घ्यावा, ओसरीवर बसण्यास कोणाची हरकत नसावी, पण माजघराची किल्ली मात्र कोणा अपरिचिताच्या कनवटीस असावी, तशी ही स्थिती होय. उद्या डिस्क निकामी झाली आणि यूएसबीवरून यंत्र सुरू करण्यास मनाई असेल, तर दुसऱ्या यंत्रावर डिस्क तयार करून आणल्यावाचून नवे विंडोजही या यंत्रावर चढविता येणार नाही.

पत्र लिहिण्यापूर्वी पुरावा जमवावा, आणि तो यंत्राला धक्का न लावता जमवावा. पासवर्डाची चौकट पडद्यावर असताना मोबाइलने छायाचित्र घ्यावे. त्याहून चांगले म्हणजे कळ दाबण्यापासून चौकट येईपर्यंतची सलग ध्वनिचित्रफीत, ज्यात लॅपटॉपच्या तळाचे लेबलही दिसेल. विंडोजमध्ये `tpm.msc` चालवून `Compatible TPM cannot be found` हा संदेश येत असेल, तर त्याचेही छायाचित्र घ्यावे. मात्र हाच संदेश ज्यात मुळात टीपीएम नाही त्या यंत्रावरही येतो, म्हणून मॉडेलचा अधिकृत तपशील सोबत जोडल्यावाचून त्याला अर्थ नाही. मग पॉवरशेलमध्ये पुढील आज्ञा द्यावी:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

येणारा अनुक्रमांक तळाच्या लेबलाशी आणि बिलाशी ताडून पाहावा. तिन्ही जुळले तर पत्रात तसे लिहावे. न जुळले तर मदरबोर्ड किंवा तळाचे झाकण दुसऱ्या यंत्राचे असण्याचा संभव असतो, आणि ती स्वतंत्र बाब म्हणून नोंदवावी लागते.

पासवर्ड ओळखण्याचा खेळ मात्र खेळू नये. पुष्कळ यंत्रे तीन चुकांनंतर `System Disabled` असे म्हणून बंद करीपर्यंत अडून बसतात. काही यंत्रे अतिरिक्त चुकांची नोंदही करून ठेवतात, आणि त्या नोंदीकडे बोट दाखवून ‘लॉक तुम्हीच केला’ असे म्हणावयास दुकानाला जागा मिळते.

कुलूप उघडण्याचा अधिकृत मार्ग कोणता, या प्रश्नाचे उत्तर कंपनीपरत्वे भिन्न आहे. काही उत्पादक मालकीचा पुरावा पाहून त्या विशिष्ट यंत्रापुरता उघडण्याचा संकेत किंवा फाइल देतात. लेनोव्होचे थिंकपॅडविषयीचे धोरण अधिक कठोर आहे: सुपरवायझर पासवर्ड विसरला गेल्यास तो काढून देता येत नाही, मदरबोर्डच बदलावा लागतो, असे ती कंपनी आपल्या पुस्तिकेत सांगते. दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे आणि माझ्या मते सबंध तक्रारीचा कणा तोच आहे. उत्पादकाला मालकीचा जो पुरावा हवा असतो तो पहिल्या खरेदीपासून आजच्या ताब्यापर्यंतच्या हस्तांतराचा. गिऱ्हाइकापाशी मात्र केवळ शेवटचे बिल असते. मधले कागद, म्हणजे लिलावाची पावती, घाऊक व्यापाऱ्याचे बिल, जुन्या कंपनीशी असलेला संपर्क, हे सारे विक्रेत्याच्या दप्तरात असतात किंवा असावयास पाहिजेत. तेव्हा ‘तुम्हीच सर्व्हिस सेंटरला विचारा’ हे उत्तर व्यवहारतः अशक्य गोष्ट गिऱ्हाइकावर लादते, हे पत्रात एका वाक्याने दाखवून द्यावे.

कायद्याची बाजू दोन अधिनियमांत सापडते. मालविक्री अधिनियम, 1930 याच्या कलम 16 प्रमाणे, माल कोणत्या कामासाठी हवा हे गिऱ्हाइकाने विक्रेत्यास कळविले असेल, आणि विक्रेत्याच्या धंद्यातील जाणकारीवर तो विसंबला असेल, तर माल त्या कामास योग्य असला पाहिजे ही अट करारात गृहीत धरली जाते; व्हॉट्सअ‍ॅपवरील त्या दोन ओळींचे मोल येथे कळते. परंतु याच अधिनियमात एक सापळाही आहे. कलम 42 सांगते की, माल मिळाल्यावर विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही कृत्य गिऱ्हाइकाने केले, किंवा नाकारल्याचे न कळविता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असे समजावे. आणि एकदा स्वीकार झाला की कलम 13 मुळे माल परत करण्याचा हक्क सामान्यतः जातो व नुकसानभरपाईपुरता दावा उरतो. म्हणून ‘बघू, पुढच्या महिन्यात मुंबईला गेलो की सांगू’ हा आपला नित्याचा आळस येथे महागात पडतो, आणि यंत्र उघडून गल्लीतल्या कारागिराकडून चिप बदलून घेणे त्याहून महागात पडते. उलट, कलम 43 गिऱ्हाइकाच्या सोयीचे आहे: माल नाकारण्यासाठी तो स्वतः उचलून दुकानात नेऊन टाकावा लागत नाही, नाकारीत असल्याचे कळविणे पुरेसे होते. तक्रारपत्र हे तेच कळविणे होय, आणि म्हणून त्यात ‘मी हा माल नाकारीत आहे’ हे शब्द असलेच पाहिजेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 याने सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. बिलाच्या तळाशी छापलेले ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य म्हणजे काही मुदत नव्हे, हा युक्तिवाद गिऱ्हाइकाने आग्रहाने करावा.

एवढी सामग्री हाती असल्यावर पत्र असे सिद्ध होते:

दिनांक 12 नोव्हेंबर 2025

प्रति,
मालक / व्यवस्थापक,
(दुकानाचे नाव व पत्ता)

विषय: बिल क्र. ____, दि. 3 नोव्हेंबर 2025 अन्वये विकलेल्या लॅपटॉपच्या फर्मवेअरात अज्ञात सेटअप पासवर्ड असल्याबाबत, व सदर माल नाकारीत असल्याबाबत.

महोदय,

वरील बिलान्वये मी आपणाकडून (मॉडेल), अनुक्रमांक ____, हा लॅपटॉप रु. 26,500 यूपीआयद्वारे देऊन खरेदी केला. मला विंडोज 11 वर काम करावयाचे असल्यामुळे ते यावर चालेल ना, असे मी दि. 1 नोव्हेंबर रोजी आपणास लेखी विचारले होते आणि ‘चालेल’ असे आपण कळविले होते.

दि. 9 नोव्हेंबर रोजी विंडोज 11 घेण्याचा प्रयत्न केला असता टीपीएम उपलब्ध नसल्याचे दिसले. या मॉडेलमध्ये टीपीएम 2.0 असल्याचे उत्पादकाच्या तपशिलात नमूद आहे. ते फर्मवेअरात बंद आहे. ते चालू करण्यासाठी F2 कळ दाबली असता सेटअप पासवर्ड मागितला जातो. हा पासवर्ड मी घातलेला नाही, व आपण तो मला दिलेला नाही. विंडोज सुरू होताना कोणताही पासवर्ड मागितला जात नाही, तसेच डिस्कवरही पासवर्ड नाही. दोष केवळ मदरबोर्डावरील सेटअप पासवर्डाचा आहे. डिस्क पुसून अथवा विंडोज पुन्हा टाकून तो दूर होणारा नाही. यंत्रावरील, फर्मवेअरातील व बिलावरील अनुक्रमांक परस्परांशी जुळतात.

मी लॅपटॉप उघडलेला नाही, त्यात कोणताही बदल केलेला नाही, व पासवर्ड ओळखण्याचा प्रयत्न केलेला नाही.

ज्या कामासाठी हा माल घेतला त्या कामास तो योग्य नसल्यामुळे मी तो नाकारीत आहे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत आपण पुढीलपैकी एक गोष्ट करावी: संपूर्ण रक्कम परत द्यावी; अथवा त्याच प्रतीचा, फर्मवेअर पासवर्ड नसलेला लॅपटॉप माझ्या समक्ष तपासून द्यावा. दुरुस्तीचा पर्याय आपण सुचवीत असाल, तर पासवर्ड उत्पादकाच्या अधिकृत सेवेमार्फत काढला अथवा मदरबोर्ड बदलला, याचे लेखी प्रमाणपत्र दिल्यासच मी तो विचारात घेईन. चिपवरील मजकूर अन्य उपायाने बदलण्यास माझी संमती नाही. उत्पादकाला लागणारे पूर्वीच्या खरेदीचे कागद माझ्यापाशी नाहीत. ते आपल्याकडेच असू शकतात. आपण हे यंत्र कोणाकडून घेतले त्या बिलाची प्रतही कृपया द्यावी.

लॅपटॉप माझ्याकडे जपून ठेवला आहे. तो नेण्याची व्यवस्था आपण आपल्या खर्चाने करावी. मुदतीत निर्णय न झाल्यास मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपली,
(सही, नाव, पत्ता)

सोबत: बिलाची प्रत, यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅप संभाषण, छायाचित्रे व ध्वनिचित्रफीत, उत्पादकाचा तपशील.

या पत्रातील चिपविषयीचे वाक्य काहींना अवाजवी वाटेल; ‘कुलूप उघडल्याशी कारण, कसे उघडले त्याच्याशी काय?’ असे म्हणणारे भेटतात. परंतु दुकानाचा दुसरा सल्ला नेमका हाच असतो की, आमचा माणूस चिप काढून, तिच्यातील मजकूर बदलून, अर्ध्या तासात यंत्र परत देईल. हे काम नेहमी बिघडते असे नाही. बिघडते तेव्हा मात्र ते उशिरा व विचित्र रीतीने कळते. त्या एकाच चिपमध्ये यंत्राचा अनुक्रमांक व इंटेलच्या व्यवस्थापन-विभागाची आज्ञावली यांना जागा असते; दुसऱ्या यंत्राची नक्कल घाईने उतरविली तर अनुक्रमांक कोरा होतो किंवा परका येतो, आणि व्यवस्थापन-विभाग दुखावला गेला तर काही यंत्रे सुरू होऊन अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतात. ज्यांत इंटेलची बूट गार्ड ही पडताळणी कडकपणे लावलेली असते, ती यंत्रे फर्मवेअरच्या आज्ञावलीत फेरफार झाला की सुरू होण्यासच नकार देतात. शिवाय अनुक्रमांकाचा विसंवाद एकदा निर्माण झाला की पुढे उत्पादकाच्या दारी त्या यंत्राला कोणी उभे करीत नाही. दुकानाने असा उपाय आपल्या जोखमीवर, विकण्यापूर्वी केला असता तर गोष्ट वेगळी होती. विकल्यानंतर तो गिऱ्हाइकाच्या यंत्रावर करावयाचा तर संमती मागितली पाहिजे, आणि ती नाकारण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे.

मागील बिलाची मागणी पत्रात सहज आल्यासारखी दिसते, पण ती विचारपूर्वक घातलेली आहे. फर्मवेअरातील कुलूप चोरीच्या यंत्रावरही असू शकते. चोरीचा माल आहे हे जाणून, किंवा तसे मानण्यास कारण असताना, बेइमानीने ठेवून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 अन्वये अपराध आहे. ज्याने उघडपणे बिल घेऊन दुकानातून खरेदी केली आणि शंका येताच लेखी विचारणा केली, त्याच्या प्रामाणिकपणाचा हा कागद उत्तम दाखला ठरतो. तथापि ‘तुम्ही चोरीचा माल विकता’ हे वाक्य पत्रात कदापि लिहू नये. बिल मागावे, ते मिळते की टाळले जाते, हे पुरेसे बोलके असते. मागील मालक कंपनीचे नाव त्या बिलात सापडलेच, तर विक्रेत्याने तिच्या संगणक-विभागाशी संपर्क साधून पासवर्ड मिळवून देण्याचा सोपा मार्गही खुला होतो, आणि पुष्कळदा संपूर्ण तंटा त्या एका दूरध्वनीत मिटतो.

पत्र ईमेलने व व्हॉट्सअ‍ॅपने पाठवावेच, पण त्याबरोबर टपालानेही धाडावे. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाची रजिस्टर टपालाची सोय 2025 साली स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पोच झाल्याचा दाखला घ्यावा व पावती जपून ठेवावी. उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदविता येते. ही हेल्पलाइन न्यायनिवाडा करीत नाही, दुकानाला विचारणा करून तडजोड घडवू पाहते. तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहेच, आणि नाशिकच्या बाईंना त्यासाठी मुंबईचे हेलपाटे घालावे लागत नाहीत. 2019 च्या अधिनियमाने तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, तक्रार ई-जागृती या शासकीय संकेतस्थळावरून दाखल करता येते, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. या दोन वर्षांच्या मुदतीची गल्लत माल नाकारण्याच्या ‘वाजवी मुदती’शी करू नये, पहिली तक्रार दाखल करण्याची, दुसरी माल नाकारून परत देण्याची, आणि दुसरी फार लौकर संपते.

दुकान नमले आणि यंत्र परत द्यावयाचे ठरले, तर देण्यापूर्वी आपल्या फाइली काढून घेऊन विंडोजमधील ‘रीसेट’च्या सोयीने डिस्क साफ करावी, आणि तेथे सर्व काही काढून टाकण्याचा व डिस्क स्वच्छ करण्याचा पर्याय निवडावा, सेटअप बंद असला तरी हे काम विंडोजमधूनच होते, त्यासाठी फर्मवेअरची परवानगी लागत नाही. यंत्र ज्याच्या हाती द्यावयाचे त्याच्याकडून अनुक्रमांक, तारीख व ‘फर्मवेअर पासवर्डाच्या दोषामुळे परत’ हे शब्द असलेली पोच लिहून घ्यावी. बदली यंत्र मिळणार असेल, तर ते स्वीकारण्याच्या पोचेवर सही करण्यापूर्वी दुकानातच ते बंद करून पुन्हा सुरू करावे, सेटिंगची कळ दाबावी, टीपीएमची ओळ खरोखर बदलता येते की नाही ते एकदा बदलून पाहावे, आणि बदल जतन करून मगच विंडोजमध्ये शिरावे.